चिखल्या, पोटऱ्या आणि सोमवारची गोळी

भातलावणीला आठ-दहा दिवस झाले की सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत बायकांचे पाय बघावेत. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडलेली, भिजलेल्या कागदासारखे पापुद्रे सुटलेले, मध्ये लालसर चिरा. याला चिखल्या म्हणतात. दिवसाचे आठ तास गुडघाभर चिखलात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? संध्याकाळी पाय धुवायचे, बेचक्यांत मेंदीचा लगदा दाबायचा, टाचांच्या भेगांना भिरंडेल लावायचं आणि सकाळी पुन्हा कोपऱ्यात उतरायचं. चिखल्यांना कोणी आजार म्हणत नाही. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू मात्र बहुतेक वेळा याच चिरांतून आत शिरतो.

कोकणात त्याला नुसतं ‘लेप्टो’ म्हणतात. केरळात उंदराच्या नावानेच, ‘एलिप्पनी’. या नावामुळे उंदीर चावून हा ताप येतो, असा एक गैरसमज पसरला आहे. उंदीर चावायची काहीच गरज नसते. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पीळदार आणि टोकाला वाकडा असलेला जंतू. १९०७ मध्ये अमेरिकेत स्टिमसन यांना तो एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडात पहिल्यांदा दिसला. त्याचा आकार त्यांना प्रश्नचिन्हासारखा वाटला आणि त्यावरूनच त्याच्या नावात ‘इंटरोगन्स’ हा शब्द आला. हा जंतू उंदराच्या मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांत घर करून राहतो. उंदराला त्याचा काही त्रास होत नाही. तो आयुष्यभर मुततो आणि प्रत्येक वेळी जंतू बाहेर सोडतो. गाई, म्हशी, डुक्कर आणि कुत्रेही हेच करतात, म्हणून गोठ्यात अनवाणी शेण काढणारी बाईही या यादीत येते. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग सहसा होत नाही.

बाहेर पडलेल्या जंतूला ओल लागते. उन्हात वाळलेल्या मातीत आणि खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही, ब्लीचिंग पावडरने मरतो. साचलेल्या कोमट गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत मात्र आठवडेच्या आठवडे जगतो. भाताचा वाफा म्हणजे नेमकी हीच जागा. बांधात उंदरांची बिळं असतात, पाऊस भरला की बिळांत पाणी शिरतं आणि तिथलं सगळं वाफ्यात उतरतं. नांगराचे बैल त्याच पाण्यात उभे असतात. त्यात माणूस सोललेल्या पायांनी उतरतो, ओल्या हाताने घाम पुसतो, डोळा चोळतो. डोळे, नाक आणि तोंड यांच्या आतल्या ओल्या त्वचेतून जायला जंतूला जखमही लागत नाही.

‘गमबूट घाला’ हा सल्ला प्रत्येक पत्रकात छापलेला असतो. ज्याने कधी लावणी केली आहे त्याला तो वाचून हसू येतं. चिखलणी केलेल्या वाफ्यात गमबूट घातलेला पाय आत जातो, बाहेर काढताना पाय तेवढा वर येतो आणि बूट तिथेच राहतो. वाकून मागे सरकत रोपं रोवायची तर अनवाणीच चालावं लागतं. नाला उपसणाऱ्या सफाई कामगाराचा बूट चिखलात अडकत नाही, पण पाणी गुडघ्याच्या वर गेलं की तो वरून भरतो. मग पाय दिवसभर घाण पाण्याने भरलेल्या रबरी नळीत भिजत राहतो. काचेच्या तुकड्याने हातमोजा फाटला तर तिथेही हेच. पाणी शिरलेला बूट काही वेळा बूट नसण्यापेक्षाही वाईट ठरतो. खात्याच्या साहित्यवाटपाच्या नोंदीत मात्र ‘बूट दिले’ एवढंच लिहिलेलं असतं.

दोघांच्या धोक्यात एक फरक आहे, तो पुढे गोळीचा हिशेब करताना लागेल. शेतकऱ्याचा धोका हंगामी असतो, जूनअखेरच्या लावणीपासून बेणणीपर्यंत. सफाई कामगार बाराही महिने गटारात उतरतो. पावसाळ्यात त्याचा धोका वाढतो, पण शून्यावर कधीच येत नाही.

जंतू आत गेल्यावर बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. अंगावर काटा आणणारी थंडी वाजते, डोकं फुटायला होतं, अंग मोडून येतं. असा ताप पावसाळ्यात मलेरियाचाही असतो आणि डेंगीचाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडतापही आहे, पण त्याचे दिवस बहुतेक उन्हाळ्यातले, लावणीच्या आधीचे. मग लेप्टो ओळखायचा कसा? जुने डॉक्टर आधी दोन गोष्टी बघतात. रुग्णाची पोटरी हलक्या हाताने दाबतात. इतर तापांतही अंग दुखतं, पण लेप्टोचा रुग्ण पोटरीला हात लावू देत नाही, काहींना तर चालताही येत नाही. मग डोळे बघतात. दोन्ही डोळे लालभडक असतात, पण चिपडं नसतात. डोळे आल्यावर सकाळी पापण्या चिकटतात, इथे चिकटत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न, आणि ताप ९९ वर असो की १०३ वर, तो विचारावाच लागतो: ‘गेल्या पंधरा दिवसांत कुठल्या पाण्यात उतरला होतात?’

पाण्याचा हा प्रश्न सरकारी व्याख्येतही आहे. ‘लेप्टोचा रुग्ण’ कोणाला म्हणायचं, हे राष्ट्रीय मार्गदर्शिकेत तीन पायऱ्यांनी ठरवलेलं आहे. पहिली पायरी संशयित रुग्णाची: अचानक ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि गळाठा, त्यासोबत दूषित पाणी, चिखल किंवा जनावरांशी आलेला संबंध आणि शिवाय पोटरीचं दुखणं, लाल डोळे, कावीळ, लघवी कमी होणं किंवा रक्तस्राव यांसारखं एखादं लक्षण. या पायरीला रक्ताची एकही तपासणी लागत नाही. उपकेंद्रातली परिचारिकाही संशयित रुग्ण ओळखू शकते, आणि ते ठरवूनच तसं ठेवलेलं आहे. दुसरी पायरी संभाव्य रुग्णाची. त्यात जलद चाचणी किंवा आयजीएम एलायझा पॉझिटिव्ह येते, किंवा लघवीतली प्रथिनं आणि बिलिरुबिन यांसारखे साधे अहवाल लेप्टोकडे बोट दाखवतात. तिसरी पायरी निश्चित रुग्णाची. त्यासाठी रक्तात जंतूचा जनुकीय माग सापडावा लागतो, म्हणजे पीसीआर पॉझिटिव्ह यावी लागते. किंवा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवावा लागतो, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. किंवा दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडांचं प्रमाण चौपट वाढलेलं ‘मॅट’ चाचणीत दिसावं लागतं. मॅटसाठी जिवंत जंतूंचे अनेक प्रकार सांभाळावे लागतात, म्हणून ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते. ‘निश्चित’ हा शिक्का बसेपर्यंत रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, नाहीतर वारलेला असतो. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत ‘लेप्टोचा संशयित बळी’ असा मथळा दिसतो, त्यातल्या ‘संशयित’चं कारण हे आहे. आकडा दडपण्यासाठीच तो शब्द वापरतात असं नाही, काही वेळा दुसरा नमुना घ्यायला माणूसच राहिलेला नसतो.

एक उदाहरण पायरीपायरीने बघू. समजा एक कंत्राटी सफाई कामगार आहे, वय चौतीस. जुलैत सलग चार दिवस पाऊस झाला. त्याने तुंबलेला नाला उपसला. त्याच्या पिंडरीला पत्र्याने खरचटलं होतं. नवव्या दिवशी त्याला १०३ ताप आला. रोजंदारी बुडू नये म्हणून दोन दिवस तो दुकानातल्या गोळ्यांवर काढतो. चौथ्या दिवशी उठवेना म्हणून दवाखान्यात जातो. डॉक्टर रक्त काढतात. मलेरिया नाही, डेंगी नाही, प्लेटलेट कमी आहेत. लेप्टोची आयजीएम चाचणी निगेटिव्ह येते. ‘लेप्टो नाही, व्हायरल आहे’ असं सांगून त्याला घरी पाठवलं जातं.

ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. आयजीएम चाचणी जंतू शोधत नाही, आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसू लागतात. चौथ्या दिवशीच्या निगेटिव्हचा अर्थ ‘अजून कळत नाही’ एवढाच. त्या दिवसांत जंतू रक्तात असतो, म्हणून तेव्हा पीसीआर उपयोगी पडते. ती सोय नसेल तर उपचार सुरू करून आठव्या-दहाव्या दिवशी आयजीएम पुन्हा करावी लागते. प्लेटलेट कमी आहेत म्हणून ‘डेंगीच’ असं धरून चालणारेही फसतात, कारण लेप्टोतही प्लेटलेट उतरतात.

आता याच माणसाला ‘फेन’च्या गुणपत्रिकेत बसवून बघू. सॉलोमन फेन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी लक्षणांना गुण देण्याची पद्धत मांडली. चेन्नईतल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये तिच्यात आपल्याकडच्या पावसाला वेगळे गुण देऊन ती सुधारली. तापाचे २ गुण, तो ३९ सेल्सिअसच्या, म्हणजे १०२ फॅरनहाइटच्या, वर गेला म्हणून आणखी २, डोकेदुखीचे २, पोटऱ्यांच्या दुखण्याचे ४ आणि दोन्ही लाल डोळ्यांचे ४. हे १४ झाले. पाऊस झाला होता त्याचे ५, दूषित पाण्यात उतरला होता त्याचे ४, जनावरांशी संबंध आला त्याचा १. बेरीज २४. वीस ते पंचवीस म्हणजे लेप्टो असू शकतो, आणि लक्षणं व परिस्थिती मिळून सव्वीस झाले की लेप्टो धरून चालायचं. आता बाटलीभर लघवीत एक पट्टी बुडवून बघा. प्रथिनं सापडली तर आणखी २ गुण, म्हणजे सव्वीस. काही रुपयांची पट्टी आणि नाल्याबद्दलचा एक प्रश्न यांनी जे कळतं ते चौथ्या दिवशीची महागडी चाचणी सांगू शकली नाही. पावसाचे पाच गुण पावसाळ्यात प्रत्येकालाच मिळतात, म्हणून या गुणपत्रिकेवर आक्षेप घेणारेही आहेत, आणि तो आक्षेप खोटा नाही. पण या रोगात एखाद्याला विनाकारण आठवडाभर डॉक्सिसायक्लिन देण्याचं नुकसान, लेप्टो हातातून सुटण्याच्या नुकसानापेक्षा फारच थोडं आहे.

सुटला तर काय होतं? पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं. दोन दिवसांनी डोळे पिवळे दिसतात. मग काविळीचा झाडपाला देणाऱ्याकडे नेलं जातं आणि तिथे आणखी दोन दिवस जातात. तोवर लघवी कमी झालेली असते. ही कावीळ नुसत्या यकृताची नसते, मूत्रपिंडंही थकत चाललेली असतात. काहींच्या फुप्फुसांत रक्त उतरतं, खोकल्यातून पडतं, आणि अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावल्याच्या नोंदी आहेत. वेळेत ओळखलेला सौम्य लेप्टो मात्र आठवडाभर रोज दोनदा १०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेऊन घरीच बरा होतो. गंभीर रुग्णाला रुग्णालयात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन देतात. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडांवर आणखी ताण येतो, त्याऐवजी पॅरासिटामॉल बरं.

हेच डॉक्सिसायक्लिन रोग होण्याआधीही देतात. जिथे दरवर्षी लेप्टोचे रुग्ण सापडतात, तिथल्या भातशेतीत आणि गटार-कालव्यांच्या सफाईत काम करणाऱ्यांना धोक्याच्या दिवसांत आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभरच्या दोन कॅप्सूल, जास्तीत जास्त सहा आठवडे. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. आता मुंबई महापालिका पावसाळ्यात पाण्यातून चाललेल्यांना याच औषधाचा सल्ला देते, आणि धोका किती यावर डोस ठरतो. पाण्यातून एकदा गेलेल्या, जखम नसलेल्या माणसाला एकच डोस. पायाला जखम असेल तर तीन दिवस रोज एक. साचलेल्या पाण्यात पुन्हा पुन्हा उतरणाऱ्याला आणि त्यात काम करणाऱ्याला आठवड्याला एक, असे सहा आठवडे. पाण्यातून आल्यावर चोवीस ते बहात्तर तासांत पहिला डोस घ्यायचा, तोही डॉक्टरांना विचारून.

आठवड्यातून एकदा घेतलेली गोळी काम कशी करते, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. औषध अंगात दोन-चार दिवसच टिकतं. गुरुवारी जंतू शिरला तर सोमवारची गोळी काय करणार? उत्तर रोगाच्या वेगात आहे. जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण आठवडा तरी जातो. गुरुवारी शिरलेला जंतू अजून वाढतच असतो, तेवढ्यात पुढच्या सोमवारची गोळी त्याला गाठते. म्हणजे ही गोळी दारावर पहारा देत नाही. घरात शिरलेल्या चोराला सामान बांधायच्या आत पकडते.

दोन अभ्यास शेजारी ठेवले की हे स्पष्ट दिसतं. पनामाच्या जंगलात सुमारे तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला डॉक्सिसायक्लिन आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी दिली गेली. १९८४ मध्ये निष्कर्ष छापून आले. औषध न मिळालेल्यांत वीस जणांना लेप्टो झाला, मिळालेल्यांत एकालाच. पुढे आपल्याकडे उत्तर अंदमानात ७८२ गावकऱ्यांवर तसाच अभ्यास झाला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे औषध मिळालेल्यांच्या रक्तातही जंतू शिरून गेल्याच्या खुणा जवळपास इतरांइतक्याच सापडल्या. आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण मात्र जवळपास सात टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आलं. पनामात वीसचा एक झाला, अंदमानात निम्म्याहून थोडं अधिक वाचलं. सैनिक तीन आठवड्यांत त्या पाण्यातून निघून गेले, अंदमानचा माणूस तिथेच राहतो, तिथेच शेती करतो. आपला शेतकरी आणि सफाई कामगार या अंदमानच्या माणसासारखे आहेत. म्हणून पनामाचा आकडा दाखवून ‘गोळी घ्या, निर्धास्त व्हा’ असं सांगणं मला फसवणूक वाटते. गोळी घेऊनही ताप येऊ शकतो, आणि तो आला की पोटरी आणि डोळे बघायचेच.

सहा आठवड्यांची मर्यादाही नीट समजून घ्यायला हवी. प्रतिजैविक वर्षभर वाटत राहिलं तर दुसरे जंतू त्याला दाद देईनासे होण्याची भीती असते. शेतकऱ्याला सहा आठवडे पुरतात, तेवढ्यात त्याची लावणी आणि पहिली बेणणी उरकते. सफाई कामगाराच्या कामाला मात्र हे माप लागू पडत नाही. सातव्या सोमवारी गोळी थांबते, पण तो नाल्यात उतरतच असतो. त्याच्या बाबतीत गोळी फक्त पावसाळ्याच्या शिगेला द्यायची आणि उरलेले दहा महिने वरून पाणी न शिरणारा, कमरेपर्यंतचा रबरी पोशाख, काम संपल्यावर साबणाने आंघोळीची सोय आणि जखम झालेल्या दिवशी कोरडं काम, हेच खरं औषध आहे. त्यातली एक गोष्टही कॅप्सूलमध्ये मावत नाही, म्हणूनच बहुधा ती मागे पडते.

मी लावणीच्या दिवसांत एका आशाताईंबरोबर वाडीत फिरलो. पत्र्याच्या पेटीत कॅप्सूलच्या पट्ट्या, एक वही आणि पाण्याची बाटली. बाटली कशाला, ते पहिल्याच घरात कळलं. मामी म्हणाल्या, ‘गेल्या सोमवारी उपाशी पोटी घेतलंय, नि ओकलंय. आता नको माका.’ आशाताई वाद न घालता बसून राहिल्या. मामींनी पेज संपवली. मग त्यांच्या हातात दोन कॅप्सूल ठेवल्या, बाटलीतलं पेलाभर पाणी दिलं आणि त्या गिळेपर्यंत समोर थांबल्या. ‘लगेच आडव्या होऊ नका हां,’ असं बजावलं. घोटभर पाण्यावर घेतलेली ही कॅप्सूल घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम करते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला त्या दोन्ही गोळ्यांमध्ये काही तासांचं अंतर ठेवायला सांगत होत्या, कारण लोहाबरोबर घेतलं तर हे औषध अंगात नीट मुरत नाही. एका घरी मुलगा म्हणाला, ‘बाबा शेतात गेलेत, ठेवून जा.’ त्यांनी ठेवल्या नाहीत. ‘घरी ठेवलेल्या गोळ्या डब्यात जातात,’ म्हणाल्या, आणि बांधावरून मळ्याकडे निघाल्या.

त्यांच्या वहीत सहा सोमवारांचे सहा रकाने होते. सातवा रकाना त्यांनी स्वतः पट्टीने आखून घेतला होता, वर लिहिलं होतं, ‘ताप आला ती तारीख’. बहुतेक ओळींत तो रिकामा होता. एका ओळीत ‘२२ जुलै’ होतं आणि त्यासमोर बारीक अक्षरात, ‘चौथी गोळी घेतलेली. पोटरी दुखते. आरोग्य केंद्रात पाठवले, सोबत मी गेले.’